आईचा लॅपटॉप आणि डीचं बटण

मावशी: अगं अक्का हल्ली ग्रुपवर केवढे लांब लांब मेसेज टाकते, ते पण एकूण एक जोडाक्षर बरोबर. बोलून टाईप करते का? मी बोलले की माझा फोन भलतंच लिहितो

ताई: नाही गं मावशी, बोलून नाही, आई लॅपटॉपवर टाईप करते. दहा बोटांनी नाही अजून, चार बोटांनी. चिऊने शिकवलं

दादा: चिऊने शिकवलं की आईने चिऊला शिकवलं 😀 मी वेगळंच ऐकलंय

ताई: दोन्ही झालं, सांगते. आईच्या त्या व्याकरणाच्या वह्या आहेत ना, शाळेत असताना काढलेल्या टिपणांच्या, त्यांची पानं पिवळी पडून कडा तुटायला लागल्यात आणि तिला त्या सगळ्या टाईप करून ठेवायच्यात. म्हणून लॅपटॉप. माऊस, टचपॅड, फाईल सेव्ह करणं हे सगळं फार लवकर जमलं, त्याचं मी काही सांगत नाही, आपण उगाच त्याची काळजी करत होतो. अडलं ते मराठीपाशी. मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईचं मराठीपाशी अडावं!!

मावशी: म्हणजे? मराठी येत नव्हतं लॅपटॉपवर?

ताई: येत होतं. चिऊने सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा घातली, त्यात कीबोर्ड दोन मिळतात, एक नुसता मराठी आणि एक मराठी फोनेटिक. चिऊला वाटलं फोनेटिक सोपा, इंग्रजी अक्षरात लिहायचं आणि मराठी उमटतं, आपण सगळे फोनवर तेच करतो. आईने थोडा वेळ केलं आणि हात काढून घेतले. म्हणाली एन दाबला की न हवा का ण हवा ते यादीतून निवडायचं, डी दाबला की द का ड ते निवडायचं, आणि ज्याचं स्पेलिंग इंग्रजांनाही माहीत नाही त्याचं स्पेलिंग मी का करत बसू, मला सरळ मराठी अक्षरांचा कीबोर्ड दे

वहिनी: खरं आहे पण 😂

ताई: मग दुसरा लावला, इनस्क्रिप्ट म्हणतात तो. आणि त्याची अक्षरं काही बटणांवर छापलेली नाहीत, त्यामुळे पहिला दिवस नुसता शोधाशोधीत गेला. चिऊ वैतागली, आई त्याहून वैतागली. मग चिऊला कुठून तरी कळलं की विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की स्क्रीनवरच कीबोर्ड उघडतो आणि त्यावर मराठी अक्षरं दिसतात. शिफ्ट दाबलं की त्याच बटणांवर दुसरी अक्षरं येतात. ते बघत बघत सुरू झालं

दादा: आणि मग आईने तो कीबोर्ड वाचला, पेपर तपासायला घेतल्यासारखा

ताई: हो ना! इथेच ती गंमत झाली. आई चिऊला म्हणाली थांब, शिफ्ट दाब. सोड. परत दाब. आणि मग हसायलाच लागली. म्हणाली अगं क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर, च छ, ट ठ, त थ, प फ, सगळ्या जोड्या. शिफ्ट नसेल तर अल्पप्राण, शिफ्ट असेल तर महाप्राण. ज्याने हे केलं त्याला वर्णमाला येत होती. चिऊला अल्पप्राण म्हणजे काय तेच आठवेना मग तिथेच क्लास सुरू झाला, तोंडासमोर हात धरून क म्हण, आता ख म्हण, हवा कशाला जास्त लागते. ती लॅपटॉप शिकवायला बसली होती बिचारी

चिऊ (आईच्या फोनवरून): मी बिचारी नाहीये. मला परीक्षेत तोच प्रश्न आला होता

मावशी: 😂😂 पण मग स्वर? ते कुठे?

ताई: डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजवीकडे, काने मात्रे वेलांट्या डावीकडे. शिफ्ट न दाबता काना, शिफ्ट दाबून आ. तसंच पहिली वेलांटी आणि इ, मात्रा आणि ए. आणि डीच्या बटणावर, हे ऐक, शिफ्ट दाबलं की अ येतो आणि नाही दाबलं की पाय मोडतो. आईला हे एवढं आवडलं की तिने मला ऑफिसात फोन करून सांगितलं. क म्हणजे पाय मोडलेला क अधिक अ, हे तिने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, आणि इथे अ आणि अ काढून घेणारा असे दोघं एकाच बटणावर राहतात. मी मीटिंगमध्ये होते, काय बोलणार, हो हो म्हटलं

आई: मीटिंग होती तर फोन उचलायचा नाही.

ताई: बघा आली 😄

आई: आणि जोड्यांचा नियम सगळीकडे चालत नाही, तेही सांग. मच्या बटणावर शिफ्ट दाबून ण आहे, लच्या बटणावर ळ, सच्या बटणावर श. हे पाठच करावे लागतात. मावशीला अर्धवट माहिती देऊ नकोस.

मावशी: अक्का तू सांग ना मग, जोडाक्षरं कशी करतेस. माझं घोडं तिथेच अडतं

आई: चिऊ सांगेल. तिने मला सांगितलं तसंच सांगेल.

चिऊ: मावशीआजी, आजी आधी हाताने लिहिते तशा क्रमाने टाईप करायची. वि लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो ना, म्हणून तिने वेलांटीच आधी दाबली. मग स्क्रीनवर ठिपक्याठिपक्यांचं गोल आलं आणि त्याला वेलांटी लटकली. तिला वाटलं लॅपटॉप बिघडला. तो गोल दिसला की समजायचं की चिन्हाला धरायला अक्षरच नाहीये. आधी व, मग वेलांटी, की ती आपोआप वच्या आधी जाऊन बसते

ताई: आणि शब्दाच्या मधे असेल तर गोलसुद्धा येत नाही ते सांग

चिऊ: हां, मधे असेल तर वेलांटी गुपचूप आधीच्या अक्षराला चिकटते. आजीला कविता लिहायचं होतं तर झालं किवता. म्हणून वाचून बघायला लागतं

वहिनी: किवता 😂 हे मी पण करते, मला कळायचंच नाही असं का होतं

आई: रफाराचं सांग.

चिऊ: हो तेच सांगतेय. आजीच्या वहीतलं पहिलंच वाक्य होतं "विद्यार्थ्यांनी दुसऱ्या ओळीतील क्रियापदे ओळखावीत." आम्ही त्यातले पहिले दोन शब्द अख्खी संध्याकाळ करत होतो. आजीने र सोडून बाकी सगळं टाईप केलं, विद्याथ्यांनी, आणि मग वर द्यायला रफार शोधत बसली, कारण हाताने लिहिताना आपण तो शेवटी देतो. मी म्हटलं आजी तू शब्द मोठ्याने म्हण आणि जे आधी ऐकू येतं ते आधी दाब. ती म्हणाली विद्यार्, आणि थांबली

आई: थांबले कारण हे मीच मुलांना सांगत असे. रफार म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला पाय मोडका र, आणि त्याचा उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो. लिहिताना हात मागे येतो म्हणून ते विसरायला होतं. कीबोर्डाला हाताशी देणंघेणं नाही, त्याला उच्चार कळतो. आता लिहून घे. व, पहिली वेलांटी, द, पाय मोडायचा, य, काना, र, पाय मोडायचा, थ, पाय मोडायचा, य, काना, अनुस्वार, न, दुसरी वेलांटी. पाय मोडायचा म्हणजे डी.

मावशी: बापरे एका शब्दाला एवढी बटणं

चिऊ: पण मावशीआजी सवय झाली की पटापट होतं. एकच प्रॉब्लेम होतो, र आणि पाय मोडायचं दाबलं की स्क्रीनवर आधी नुसता लंगडा र दिसतो, वर जात नाही. आजी दर वेळी ते बघून घाबरून खोडायची, परत टाईप करायची, परत खोडायची. मी तिचा हात धरून ठेवला आणि म्हटलं थ दाबेपर्यंत खोडायचं नाही. थ दाबला आणि र टुणकन वर गेला

दादा: हात धरून 😀 पूर्वी आई आपला धरायची

मावशी: आणि दुसऱ्या? त्यात पण रच आहे की

आई: त्यात तो र नाही. साधा र घेऊन पाय मोडलास आणि य दिलास तर रफार येतो आणि दुसर्या असं दिसतं, ते चूक. तिथे आघात नाही म्हणून आपण आडवा र लिहितो. तो वेगळा टाईप करावा लागतो, जेच्या बटणावर साधा र आहे, तेच शिफ्ट दाबून घ्यायचं, खाली टिंब असलेला ऱ येतो. मग पाय मोडायचा, य, काना. टिंब जाऊन आडवा र होतो. दर्या आणि दऱ्या यांत समुद्र आणि डोंगरदऱ्यांएवढा फरक आहे, म्हणून हे आलंच पाहिजे.

दादा: हे तुला कोणी सांगितलं आई? चिऊला तर हे माहीत नसणार

चिऊ: नव्हतंच माहीत. मी म्हटलं आजी चालतं गं दुसर्या, सगळे तसंच लिहितात

ताई: झालं. यापुढे घरात काय झालं ते मी लिहीत नाही 😄 थोडक्यात सांगते, आईने स्क्रीनवरच्या कीबोर्डची शिफ्ट दाबून सगळी अक्षरं एकेक करून पाहिली, रच्या जागी तो टिंबवाला ऱ दिसला, आणि म्हणाली हा उगाच ठेवलेला नसणार. मग पाय मोडून बघितला. चिऊ मला सांगायला धावत किचनमध्ये आली

वहिनी: आई मला एक सांगा, चूक झाली की तुम्ही पूर्ण शब्द खोडता का? माझं कायम जास्तीचं उडतं

आई: नाही. हे चिऊचं ज्ञान आहे, तिलाच विचार.

चिऊ: मामी, बॅकस्पेस आणि डिलीट वेगळे वागतात. आमच्या लॅपटॉपवर तरी बॅकस्पेस एकेक चिन्ह मागे घेतो, म्हणजे र्या असेल तर आधी काना जातो, मग य, मग पाय मोडलेला, मग र. डिलीट मात्र अख्खं जोडाक्षर एकदम उडवतो. आणि बाण दाबून जोडाक्षराच्या मधे शिरता येत नाही, तो उडी मारून पलीकडे जातो. म्हणून जोडाक्षर संपतं तिथे कर्सर ठेवायचा आणि बॅकस्पेसने चुकलंय तिथपर्यंतच मागे यायचं

वहिनी: अच्छा!! मी डिलीट दाबत होते म्हणून

मावशी: मी बटणांवर मराठी स्टिकर लावून घेऊ का? मिळतात म्हणे

आई: लावू नकोस. मान सारखी खाली जाते आणि स्क्रीनवर काय उमटतंय ते कळतच नाही. मी स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा ठेवला आणि रोज एकच वर्ग घेतला. आधी कवर्ग, त्यातलेच शब्द. मग चवर्ग. आता लागला तरच उघडते, ज्ञ आणि क्ष अजून विसरते. ते वर आकड्यांच्या ओळीत शिफ्ट दाबून आहेत.

दादा: आणि इंग्रजी लिहायचं झालं तर?

चिऊ: विंडोज आणि स्पेस. परत तेच दाबलं की मराठी. खाली उजवीकडे कोणती भाषा चालू आहे ते दिसतं, आजी आधी ते बघायची विसरायची आणि पासवर्ड मराठीत टाईप करायची. पासवर्डचे नुसते ठिपकेच दिसतात ना, त्यामुळे चुकलंय कुठे ते कळतच नाही

मावशी: अक्का मी आत्ता उघडलाय लॅपटॉप, मराठी घातलं, तो स्क्रीनवरचा कीबोर्ड पण आला. काय टाईप करू?

आई: गवत, कप, पाटी. वेलांटी ट नंतर.

मावशी: गवत कप पाटी

आई: छान. आता कर्म.

मावशी: करम्

चिऊ: मावशीआजी पाय रचा मोडायचा, मचा नाही. बॅकस्पेस दोनदा, मग डी, मग म