मदत हवी आहे : आपुलकीने बोलणाऱ्याची ओळखच पटत नसेल तर काय करावे?

गेल्या रविवारी मामेबहिणीच्या मुलाच्या लग्नात, अक्षता पडून आम्ही पंगतीकडे वळत असताना, साठीच्या एका गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन आईच्या गुडघेदुखीची चौकशी केली, आणि मला मात्र त्यांचे नाव, गाव, नाते यांपैकी काहीही आठवेना. "सध्या मुक्काम कुठे?" असे विचारून पाहिले, "तिथेच, जुन्या घरी," या उत्तराने काहीच उलगडले नाही. पत्नीची ओळख करून द्यायची आणि समोरच्याने आपले नाव सांगण्याची वाट पाहायची, ही एरवी हमखास चालणारी युक्तीही फसली, कारण ते तिलाही नावाने ओळखत होते. (तिलाही ते आठवले नाहीत!) सुरुवातीलाच विचारले असते तर चालले असते, पण दहा मिनिटे गप्पा झाल्यावर नाव विचारणे मला अपमानास्पद वाटले.

येत्या शनिवारी सत्यनारायणाच्या पूजेला ते पुन्हा भेटतील. वयाने मोठ्या माणसाला तेव्हा स्मरणशक्तीची अडचण सरळ सांगावी, की त्याआधीच मामेबहिणीला लग्नातला फोटो दाखवून ओळख पटवून घ्यावी? तिने ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली, तर ते अधिक दुखावतील का?