मदत हवी आहे: ड्रायव्हरचा सुपरवायझर व्हायचंय, बायोडाटात काय लिहू?

रात्रीची_गाडी:
नमस्कार मंडळी. सोलापुरात राहतो, 14 वर्षं ट्रक चालवतोय. पहिली काही वर्षं हैदराबाद लाइन, मागची 7 वर्षं 32 फुटी कंटेनर घेऊन सोलापूर-भिवंडी. आता कंबर साथ देत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये फ्लीट सुपरवायझरची जागा आहे, बायोडाटा मागितलाय. भाच्यानं टाइप करून दिला, त्यात "मेहनती, प्रामाणिक, टीम कोऑर्डिनेशन" असलं लिहिलंय. मलाच वाचून लाज वाटली. सेफ्टी रेकॉर्ड कसं दाखवायचं? 2021 ला मोहोळजवळ मागून एका टेम्पोला धडकलो होतो. कुणाला लागलं नाही, बंपर गेला. ते लिहायचं का?

डिझेल_भाऊ:
कशाला लिहिताय ओ? सरळ "10 लाख किलोमीटर अपघातमुक्त" टाका. आणि लायसनची मुदत ठळक लिहा, ट्रान्सपोर्टचं 3 वर्षांचं असतं, संपत आलं असेल तर आधी रिन्यू करा.

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
भाऊ, मुदत लिहायचा सल्ला बरोबर, आकडा जुना. 2019 च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन 5 वर्षांचं झालं. 3 वर्षं आता धोकादायक मालाच्या परवानगीला. तुमच्याकडे ती असेल तर वेगळ्या ओळीत, तारखेसकट लिहा.

आमच्याकडे 22 गाड्या आहेत, असले बायोडाटे मीच वाचते. "10 लाख" दिसलं की मी पहिला प्रश्न विचारते, कसे मोजले? तुमचंच बघू. भिवंडी जाऊन-येऊन साधारण 800 किलोमीटर. महिन्याला किती खेपा?

रात्रीची_गाडी:
सरासरी 7. वर्षात एखादा महिना दुरुस्ती आणि गावच्या जत्रेत जातो.

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
म्हणजे 800 गुणिले 7 गुणिले 11, वर्षाला साठेक हजार. 7 वर्षांचे सव्वाचार लाख. हा आकडा विचारला तर तुम्ही तोंडी मांडू शकता, म्हणून तोच लिहा. खाली एक ओळ: "2021 मध्ये मोहोळजवळ एक किरकोळ धडक, जखमी कुणी नाही." ती लपवली आणि जुन्या मालकाच्या तोंडून निघाली, तर बाकीच्या सव्वाचार लाखांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यानंतर काय बदललंत तेही सांगा.

रात्रीची_गाडी:
पहाटे 3 ते 5 गाडी उभी करतो. त्या दिवशी डोळा लागला होता, खोटं कशाला बोलू.

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
मग तेवढंच लिहा. सुपरवायझरला दुसऱ्यांना झोपायला लावायचं असतं.

चादरगल्ली:
माझ्या मुलाचं लायसन दोन महिने झाले आलं नाही, आरटीओत कुणाला भेटायचं?

डिझेल_भाऊ:
काका, धागा वेगळा आहे. सारथीवर अर्ज क्रमांक टाकून स्टेटस बघा.
बरं, चलनाचं काय? "एकही चलन नाही" लिहिलं तर ते तपासतात ना?

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
कॅमेऱ्याचं चलन गाडीच्या नंबरवर, मालकाच्या नावे येतं. स्टेअरिंगवर कोण होतं ते त्यावरून कळत नाही. म्हणून कुठली गाडी कुठल्या काळात तुमच्याकडे होती, ते लिहा. जुन्या मालकाचं पत्र मिळालं तर उत्तम. विम्याच्या कागदावरचा नो क्लेम बोनस दाखवणारेही भेटतात, पण मालकानं क्लेम केला नाही एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

आता टीम. कधी दुसऱ्याच्या गाडीची जबाबदारी अंगावर पडली होती?

रात्रीची_गाडी:
तसं पद म्हणून नाही. आमच्या लाइनच्या 6 गाड्यांचे ड्रायव्हर अडचण आली की मला फोन करायचे. एकदा टेंभुर्णीच्या अलीकडे एकाचा गिअरबॉक्स गेला. माझी गाडी भिवंडीहून रिकामी परत येत होती. हमाल बोलावून त्याचा माल माझ्यात भरला आणि मीच परत भिवंडीला नेला. निघायच्या आधी ऑफिसला उठवून ई-वे बिलात माझ्या गाडीचा नंबर टाकून घेतला, नाहीतर पुढं तपासणीत अडकलो असतो. माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, पीओडीवर शॉर्टेज नाही.

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
अहो, हे भाच्याला का नाही सांगितलंत? "टीम कोऑर्डिनेशन" खोडा आणि लिहा: "6 गाड्यांच्या ड्रायव्हरांना रस्त्यावरच्या अडचणीत मदत. टेंभुर्णीजवळ बंद पडलेल्या गाडीचा माल रात्रीत दुसऱ्या गाडीत भरून, ई-वे बिलाचा पार्ट बी बदलून घेऊन, शॉर्टेजशिवाय पोचवला." आमच्याकडे नवे सुपरवायझर पार्ट बीच विसरतात. हे पहिल्या पानावर, लायसनच्या लगेच खाली.

डिझेल_भाऊ:
मान्य. पण सुपरवायझरला एक्सेल लागतं की ओ. ते येत नसेल तर?

रात्रीची_गाडी:
येत नाही. ट्रिपशीट वहीत लिहितो. 7 वर्षांच्या वह्या आहेत. डिझेल, टोल, खेप, सगळं.

ताईचा_ट्रान्सपोर्ट:
वह्या मुलाखतीला घेऊन जा. एक्सेलचं मात्र मी खात्रीनं नाही सांगत. आमच्याकडे चाललं असतं, कंपनीच्या मोठ्या फ्लीटमध्ये कदाचित तिथंच अडेल.

रात्रीची_गाडी:
दुसरी अडचण, जुने शेठ पत्र द्यायला तयार नाहीत. म्हणतात, ड्रायव्हर सोडून चाललाय आणि वर पत्र मागतोय. यावर कुणाकडे तोड आहे का?