मदत हवी आहे : ५जी एसए आणि एनएसए यांपैकी बॅटरीसाठी कोणते बरे?

नमस्कार. माझ्या समजुतीप्रमाणे एनएसए म्हणजे नॉन-स्टँडअलोन प्रकारात फोन आधी ४जीला जोडला जातो, त्याच्या आधारावर ५जीची जोडणी घेतो, आणि डेटा चालू असताना दोन्ही रेडिओ एकाच वेळी जागे राहतात. एसए म्हणजे स्टँडअलोन प्रकारात मात्र ५जीचे स्वतंत्र कोअर नेटवर्क असल्यामुळे ४जीच्या आधाराची गरज उरत नाही. त्यामुळे एसएवर बॅटरी कमी खर्च व्हावी, हे तर्काला धरून वाटते.

माझ्या फोनवर *#*#4636#*#* या मेनूतून फोनला फक्त ५जीवर ठेवणारा NR only हा पर्याय निवडल्यावर खिडकीजवळ n78 पट्टा मिळतो आणि वेग उत्तम असतो. आतल्या खोलीत गेल्यावर मात्र फोन n28 वर उतरतो आणि वेग बराच घटतो. ७०० मेगाहर्ट्झचा हा पट्टा भिंतींतून चांगला पोहोचतो, पण त्याची रुंदी कमी असते, शिवाय एनएसएमध्ये सोबत मिळणारी ४जीची रुंदीही येथे नसते, हे कारण मला पटते.

प्रश्न बॅटरीचा आहे. त्याच खोलीत ती एसएवरही लवकर उतरते. हा खर्च कमकुवत सिग्नलमुळे अपलोडची शक्ती वाढल्याने होतो, की पट्टे सतत बदलल्याने, हे कसे ओळखावे? त्या मेनूतील सिग्नलची ताकद दाखवणारा RSRP चा आकडा कितीपर्यंत खाली गेल्यावर ४जीवर राहणे अधिक हिताचे ठरते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.