मदत हवी आहे: आयआरआर एक यंत्र सांगतो आणि एनपीव्ही दुसरे, कोणते घ्यावे?

हळद_सांगली:
आमच्या हळद दळण्याच्या कारखान्यात जागा एकाच यंत्रसंचापुरती आहे. पहिला संच 10 लाखांचा असून खर्च वजा जाता वर्षाला 5 लाख देतो. दुसरा 25 लाखांचा असून वर्षाला 6 लाख 80 हजार देतो. संगणकावर आयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरील परताव्याचा वार्षिक दर, अनुक्रमे 23.4 आणि 16.1 टक्के आला, मात्र एनपीव्ही, म्हणजे पुढील मिळकतीच्या आजच्या मूल्यातून किंमत वजा केल्यावर उरणारी रक्कम, 1 लाख 79 हजार आणि 2 लाख 64 हजार आला. शनिवारी आगाऊ रक्कम द्यायची आहे, म्हणून कृपया स्पष्ट उत्तर द्यावे.

प्रकल्प_अहवाल:
दोन्ही संच किती वर्षे चालतील आणि एनपीव्ही कोणत्या दराने काढला, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

कोकणी_उद्योजक:
माझ्या काजू युनिटला केंद्राच्या पीएमएफएमई योजनेतून 35 टक्के अनुदान मिळाले, त्याची कमाल मर्यादा 10 लाख आहे. आपणही आधी तो अर्ज करावा.

हळद_सांगली:
अनुदानाचा विचार झालेला आहे, प्रश्न निवडीचा आहे. पहिला संच 3 वर्षे चालतो आणि दुसरा 6 वर्षे. दर 12 टक्के धरला, कारण आमच्या कॅश क्रेडिटचे व्याज तेवढे आहे. सूत्र असे लिहिले होते, त्यात B1 मध्ये यंत्राची किंमत उणे चिन्हासह आहे आणि B2 पासून दरवर्षीची मिळकत:

```
=NPV(12%,B1:B7)
```

वाणिज्य_विद्यार्थी:
मग प्रश्नच उरत नाही. आयआरआर केवळ टक्केवारी दाखवतो, रक्कम किती मोठी आहे हे दाखवत नाही. ज्याचा एनपीव्ही जास्त, तो दुसरा संच घ्यावा.

जुना_बँकर:
मी असहमत आहे. 23 टक्के मिळत असताना 16 टक्क्यांवर 15 लाख जास्तीचे का अडकवावेत? कर्ज देताना आम्ही आयआरआर आवर्जून पाहत असू.

प्रकल्प_अहवाल:
जुना_बँकर, प्रकल्प कर्ज फेडू शकेल की नाही, हे पाहताना आयआरआर उपयोगी पडतो. येथे मात्र दोघांपैकी एक निवडायचा आहे, आणि 23.4 टक्के केवळ 10 लाखांवर, तेही 3 वर्षेच मिळतात. उरलेल्या 15 लाखांनी कॅश क्रेडिट फेडले, तर त्यांवर 12 टक्केच सुटतात.

वाणिज्य_विद्यार्थी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रकमेतला फरक एनपीव्ही सांभाळतो, पण येथे आयुष्यही वेगळे आहे आणि 3 वर्षांचा एनपीव्ही 6 वर्षांच्या एनपीव्हीशेजारी ठेवून तुलना होत नाही.

आधी सूत्र दुरुस्त करावे. ते पहिली रक्कमही एका वर्षाने पुढची धरते, म्हणून किंमत कंसाबाहेर ठेवावी लागते:

```
=NPV(12%,B2:B7)+B1
```

आता पहिल्याचा एनपीव्ही 2.01 लाख आणि दुसऱ्याचा 2.96 लाख येतो. क्रम तोच राहतो, कारण दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात कमी आले होते. पुढे असे धरू की पहिला संच 3 वर्षांनी मोडीत निघाल्यावर त्याच किमतीला तसाच नवा घेतला. नव्याचेही 2.01 लाख मिळतात, पण ते 3 वर्षांनी, म्हणून आजचे मूल्य 1.43 लाख होते. एकूण 3.44 लाख, म्हणजे 6 वर्षांच्या तुलनेत पहिला संच पुढे जातो.

वाणिज्य_विद्यार्थी:
म्हणजे शेवटी आयआरआरचाच क्रम बरोबर ठरला.

प्रकल्प_अहवाल:
उत्तर जुळले, पण कारण वेगळे आहे. नव्या संचाची किंमत 10 ऐवजी 11 लाख धरून पाहा. एकूण 2.73 लाखांवर येते आणि दुसरा संच पुढे जातो, दोन्हींचे आयआरआर मात्र जसेच्या तसे राहतात. उलटापालट सुमारे 10 लाख 68 हजारांवर होते. म्हणून यंत्रविक्रेत्याला विचारावे की 3 वर्षांनंतरची किंमत आजच लेखी बांधून मिळेल का.

जुना_बँकर:
किंमत वाढेल तेव्हा दळणाचे दरही वाढतील. तुम्ही एकच बाजू वाढवली आहे.

प्रकल्प_अहवाल:
हा आक्षेप योग्य आहे. चौथ्या वर्षापासून मिळकतही 10 टक्क्यांनी वाढवली, तर पहिल्याचे 3.58 लाख होतात. पण ती वाढ दुसऱ्या संचालाही मिळते, तीही 6 लाख 80 हजारांवर, आणि नवे यंत्र त्याला घ्यावे लागत नाही. त्याचे 4.12 लाख होतात.

हळद_सांगली:
विक्रेता किंमत बांधून द्यायला तयार नाही, आत्ताच फोन केला. त्यामुळे माझा कल दुसऱ्याकडे झुकतो आहे. मात्र त्याचे 6 लाख 80 हजार मी सहाही वर्षे सारखेच धरले होते. पाचव्या-सहाव्या वर्षी दुरुस्तीचा खर्च किती येतो, हे असा संच वापरलेल्या कोणी सांगू शकेल का?