मदत हवी आहे: छोट्या सीएनसीच्या एक्स अक्षाला स्टेपर ठेवू की सर्वो घेऊ?

नमस्कार मंडळी, भोसरीत छोटं राउटर बांधलंय, लाकूड आणि ॲक्रिलिकसाठी. एक्सला नेमा २३ स्टेपर, २४ व्होल्ट सप्लाय, ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू थेट जोडलेला.

अडचण अशी: रॅपिड ३००० मिमी/मिनिट ठेवला की लांब जॉबनंतर शून्यावर परत आल्यावर डायल गेजवर ०.४ मिमी फरक दिसतो. १५०० वर काहीच नाही. कपलिंगवर मार्करची रेघ मारून पाहिली, ते सरकत नाही. बॅकलॅश असता तर कमी वेगातही दिसला असता. स्टेपर हुकला की साधारण चार पूर्ण स्टेपच्या पटीत हुकतो, म्हणजे इथे ०.१ मिमीच्या पटीत. ०.४ त्यात नेमका बसतो. ३००० म्हणजे ६०० आरपीएम, आणि तिथे २४ व्होल्टवर टॉर्क बराच पडतो. एरवी अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही.

बुधवार पेठेत विचारलं तर सगळे ४०० वॅटचा एसी सर्वो घ्या म्हणतात. पण त्याचा रेटेड टॉर्क जेमतेम १.२७ न्यूटन-मीटर, तोही ३००० आरपीएमपर्यंत. मला ६०० पुरतात. बेल्टने रिडक्शन दिल्याशिवाय तो वेग वायाच जाणार, आणि खर्च कितीतरी पट.

माझा कल ४८ व्होल्ट सप्लाय आणि त्याला चालणारा ड्रायव्हर घेण्याकडे आहे. की एन्कोडरवाला क्लोज्ड-लूप स्टेपरच घ्यावा? हुकल्यावर तो निदान अलार्म देऊन थांबेल. दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, ६०० आरपीएमला प्रत्यक्षात किती फरक पडला?