मदत हवी आहे: सोया दूध लाइट रोस्टमध्येच का फाटतं?

कपबशी: बिनसाखरेचं सोया दूध स्टीम वाँडने ६५ अंशांपर्यंत तापवते. जगमध्ये ते अगदी गुळगुळीत असतं. पण लाइट रोस्टच्या एस्प्रेसोवर ओतलं की मिनिटभरात पांढऱ्या कण्या वर येतात आणि खाली तपकिरी पाणी उरतं. त्याच पाकिटातलं दूध डार्क रोस्टमध्ये फाटत नाही. लाइट रोस्ट सोडायचा नाहीये, त्याचा फळांसारखा आंबटपणाच मला आवडतो.

मंदआच: दूध जास्त तापतंय, बाकी काही नाही. ५५ ला वाफ बंद करा.

कपबशी: तेही केलं. कण्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत.

बिनसायीची: माझ्या बदाम दुधाला मोठे बुडबुडे येतात आणि ओतेपर्यंत फेस बसतो. पाकिटाच्या तळाशी पांढरा थरही असतो. म्हणजे तेही फाटलेलंच ना?

अर्कवाला: नुसत्या उष्णतेने फाटत असतं तर जगमध्येच फाटलं असतं. सोया दुधाचा पीएच ७ च्या आसपास असतो, कॉफीचा ५ च्या आसपास, आणि लाइट रोस्ट सहसा जास्त आंबट. सोयाची प्रथिनं ४.५ च्या सुमारास एकमेकांना दूर लोटायची थांबतात आणि गोळा होतात. दूध गरम असेल तर हे त्याच्या बरंच आधी सुरू होतं, म्हणून ५५ ला तुमच्या कण्या कमी झाल्या.

ओतण्याचा क्रम उलटा करून बघा. एस्प्रेसोवर दूध ओतताना पहिल्या धारेला सगळा आंबटपणा एकदम झेलावा लागतो. आधी कपात दूध घ्या आणि एस्प्रेसो हळूहळू सोडा. खात्री करायची असेल तर एकदा एस्प्रेसोत चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच खायचा सोडा घाला. कण्या आल्या नाहीत तर कारण आम्लच. रोज मात्र घालू नका, चव सपाट होते.

बिनसायीची, तळाचा थर बहुधा बदामाचा चोथा आणि वरून घातलेलं कॅल्शियम. पाकीट हलवून मिसळला तर ते फाटलेलं नाही, फाटलेल्या कण्या परत विरत नाहीत. बदाम दुधात प्रथिनं फार थोडी, म्हणून फेस टिकत नाही.

मंदआच: मग ओट घ्या ना, ते फाटतच नाही.

अर्कवाला: कमी फाटतं, कारण गोळा व्हायला प्रथिनंच कमी. दाटपणा विघटित स्टार्चचा असतो. पण बरिस्टा लिहिलेल्या पाकिटांत बहुधा तेल आणि आम्लता सांभाळणारं डायपोटॅशियम फॉस्फेट घातलेलं असतं. साधं ओट दूध आंबट कॉफीत दाणेदार होऊ शकतं.

कपबशी: सोड्याने कण्या आल्याच नाहीत! क्रम उलटा केल्यावर वरचा भाग स्वच्छ राहिला, शेवटच्या घोटांत मात्र बारीक कण लागतात. माझ्या पाकिटावर फॉस्फेट नाही, कॅल्शियम आहे. कॅल्शियमविरहित सोया कुणी लाइट रोस्टमध्ये वापरून पाहिलंय का?