मदत हवी आहे: जाहिरात नीतिमत्तेच्या उत्तरात गुण का कापले?

शाईचा_डाग: परवा पेपर आहे, लवकर सांगा. दहापैकी चार दिलेत. खोटे रिव्ह्यू, तुलना, स्वनियमन, सगळं लिहिलं होतं. बाईंनी समासात फक्त 'कशाच्या आधारे?' असं लिहिलंय.

तळटीप: प्रश्न काय होता ते तर टाक!

शाईचा_डाग: नेहमीचाच हो. साबण कंपनी नोकरांकडून पाच तारे लिहून घेते, जाहिरातीत दुसऱ्याची पुडी दाखवते. स्वनियमन पुरेसं आहे का? मी लिहिलं, दोन्ही अनैतिक, अॅस्की कारवाई करेल.

नाना_पुणेरी: अॅस्की दहा लाख दंड करते, तो आकडा राहिला.

जुना_कॉपीरायटर: नाना, तो दंड केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा, २०१९च्या कायद्यातला. अॅस्की ही १९८५ साली या धंद्यातल्याच लोकांनी काढलेली संस्था. ती दाव्याचा पुरावा मागते आणि जाहिरात बदला किंवा काढा एवढंच सांगते.

डाग, दोन्ही एकाच पारड्यात टाकलेस तिथे गुण गेले. तुलना अॅस्कीच्या संहितेला चालते. फक्त ती सिद्ध करता यावी, आणि तुलनेचा मुद्दा आपल्याला सोयीचा निवडून ग्राहकाला फसवू नये. २०१०ची रिनची जाहिरात घे. पडद्यावर पुडी टाइड नॅचरल्सची, म्हणजे स्वस्तातली, आणि बोलण्यात नुसतं 'टाइड'. नाव घेतलं यापेक्षा ही फट महत्त्वाची, असं मला वाटतं. टाइडवाले थेट कोलकाता उच्च न्यायालयात गेले आणि तिथून प्रक्षेपण थांबलं. स्वनियमनाची मर्यादा इथे दाखव: चौकशी होईपर्यंत जाहिरात आपलं काम करून गेलेली असते.

तळटीप: अगदीच दात नाहीत असं नाही. केबल टीव्हीच्या नियमांत अॅस्कीची संहिता मोडणारी जाहिरात दाखवायला मनाई आहे.

जुना_कॉपीरायटर: टीव्हीपुरतं. रिव्ह्यू कुठे टीव्हीवर येतात?

मिसळवाला_नाशिक: माझ्या हॉटेलला शेजारचा एकेक तारा देतोय. कुठे तक्रार करू?

तळटीप: दादा, वेगळा धागा काढा.

शाईचा_डाग: रिव्ह्यूंचं काय लिहू ते सांगा ना!

तळटीप: २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचा नाही. हा कायदा आहे, स्वनियमन नव्हे. आयएस १९००० हे रिव्ह्यूंचं मानक २०२२चं, पण ते ऐच्छिक.

नाना_पुणेरी: नोकराने खरंच साबण वापरून लिहिलं तर? तोही ग्राहकच की.

जुना_कॉपीरायटर: साहेबाने सांगितल्यावर लिहिलं ना? मग नातं लपवलं हीच फसवणूक.

तळटीप: नीतीने हो. पण नियमात शब्द 'विक्रेता' आहे, नोकर नाही. वकील तिथेच भांडेल.

शाईचा_डाग: मग पेपरात कोणतं लिहू?